शाई आधी लागते

पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांसाठी बनवलेले बहुतेक व्हिडिओ एकाच चित्रावर संपतात. शाई लावलेली डाव्या हाताची तर्जनी, हसरा चेहरा आणि मागे शाळेच्या भिंतीवर चिकटवलेला मतदान केंद्राचा कागद. चित्र छान दिसतं. पण ज्या मुलीला तो व्हिडिओ दाखवायचा, तिची अडचण या चित्राच्या कितीतरी महिने आधी सुरू झालेली असते. अर्ज कुठल्या पत्त्यावर भरायचा, वसतिगृहाच्या की गावाकडच्या? अर्ज भरून झाला, आता पुढे कोण काय करणार? कार्ड अजून आलं नाही, मग मत देता येणार की नाही? या प्रश्नांना व्हिडिओत जागा मिळत नाही, कारण ते कॅमेऱ्यात पकडायला अवघड असतात.

शाळा-कॉलेजांमध्ये जानेवारी २०१८ पासून मतदार साक्षरता मंडळं सुरू झाली. असे व्हिडिओ बनवण्याचं काम अनेकदा तिथल्याच मुलांकडे येतं. निवडणूक आयोग मोठी नावंही सोबत घेतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर आयोगाचे राष्ट्रीय सदिच्छादूत झाले. तेंडुलकरांनी मत द्या म्हटलं की ऐकावंसं वाटतं, पण अर्जातला पत्त्याचा रकाना भरताना जी मुलगी अडते, तिला समोर आपल्यासारखीच अडलेली कोणीतरी हवी असते. म्हणून पटकथेत पात्र लागतं. पात्र कुणाचंही चालत नाही, त्याला खरी अडचण असावी लागते.

अशा एका सहा-सात मिनिटांच्या पटकथेत पात्र म्हणून श्रावणी घेऊ. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका गावची, पुण्यात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, वसतिगृहात राहणारी. जन्मतारीख ९ ऑगस्ट २००८. हे सगळे तपशील नुसते रंग भरायला नाहीत. यातल्या प्रत्येकावर नोंदणीतली एकेक पायरी अडते किंवा सुटते.

पहिलं दृश्य वाढदिवसाचं ठेवावं, पण केक कापायला नाही, तारखेसाठी. अठरा पूर्ण झाले म्हणजे त्याच दिवशी मतदार झालो, असं बऱ्याच जणांना वाटतं. यादीच्या हिशेबात अर्हता दिनांक नावाची एक तारीख असते आणि त्या दिवशी वय अठरा पूर्ण असावं लागतं. पूर्वी ही तारीख वर्षातून एकच होती, १ जानेवारी. त्यामुळे २ जानेवारीला अठराव्या वर्षात पाय संपवणाऱ्या मुलाला जवळजवळ वर्षभर थांबावं लागे. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, १ ऑगस्ट २०२२ पासून ती लागू झाली आणि आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. श्रावणी ९ ऑगस्ट २०२६ ला अठरा पूर्ण करते, म्हणजे तिची तारीख १ ऑक्टोबर २०२६. शिवाय सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. तो अर्ज थांबून राहतो आणि ज्या तिमाहीत वय भरतं त्या तिमाहीत तपासायला घेतला जातो. पडद्यावर हे एका भिंतीवरच्या कॅलेंडरनं दाखवता येतं. श्रावणी ९ ऑगस्टवर बोट ठेवते, तिथून बोट सरकत १ ऑक्टोबरला थांबतं. दहा सेकंदांत काम होतं.

दुसरं दृश्य मात्र घाईनं उरकण्यासारखं नाही, कारण गोष्टीतला खरा पेच इथे आहे. श्रावणी गावाकडे फोन लावते.

"अगं, इथंच नाव लाव," आई म्हणते. "माझं, तुझ्या पप्पांचं, आजीचं, सगळ्यांचं इथंच हाय की."

"पण आई, मतदानाला सुट्टी एकच दिवस मिळणार. रात्रीच्या गाडीनं यायचं अन् रात्रीच परत निघायचं, जमंल का मला?"

खोलीतली मैत्रीण अंथरुणावरूनच सल्ला देते, "दोन्हीकडे भर. जिथलं आधी येईल ते खरं."

तिघींच्या बोलण्यात तीन वाटा आहेत आणि त्यातल्या दोन कायद्याला मान्य आहेत. मतदार म्हणून नाव नोंदायला माणूस त्या मतदारसंघातला 'सर्वसाधारण रहिवासी' असावा लागतो. नुसतं घर नावावर आहे म्हणून कुणी रहिवासी ठरत नाही आणि काही काळ बाहेर गेलं म्हणून रहिवास सुटतही नाही. शिकायला बाहेर राहणाऱ्यांच्या बाबतीत आयोगाची सूचना स्पष्ट आहे: आईवडिलांच्या घरी नाव ठेवायचं की वसतिगृहाच्या पत्त्यावर, हे विद्यार्थ्यानं ठरवायचं. वसतिगृह निवडलं तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असावा, आणि संस्थेच्या प्रमुखाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतलं बोनाफाईड, अर्जाला जोडावं लागतं. भाड्याची पावती किंवा पुण्याचा पत्ता असलेलं आधार नाही म्हणून अनेक मुलं मागे फिरतात. त्यांना या प्रमाणपत्राची माहिती नसते.

मैत्रिणीचा सल्ला मात्र पटकथेत ठेवावाच, आणि तिथल्या तिथे खोडावा. एकाच वेळी दोन ठिकाणी नाव ठेवायला लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मनाई करतो. अर्जाच्या शेवटी आपलं नाव दुसरीकडे कुठेही नाही असं लिहून द्यावं लागतं आणि ते जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलं हे लबाडीनं करत नाहीत. रेल्वेची दोन तिकिटं काढून ठेवावीत तशा समजुतीनं करतात. म्हणूनच सांगणं गरजेचं.

श्रावणी पुणं निवडते. दुसरी एखादी मुलगी गाव निवडेल, तेही बरोबरच. पण निवड करताना पुढचा हिशेब डोळ्यांसमोर असावा. शिकायला बाहेर असलेल्या मुलांना टपाली मतदान नाही. ती सोय सैन्यातल्या लोकांना, निवडणुकीच्या कामावर असलेल्यांना, ८५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना, दिव्यांगांना आणि अशा ठरावीक लोकांना आहे. औशात नाव असेल तर मत औशातच जाऊन द्यावं लागतं. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात मतदान २० तारखेला, बुधवारी होतं. आठवड्याच्या मध्ये एक दिवसाची सुट्टी मिळाली की पुण्याहून लातूरकडे जाणं-येणं म्हणजे दोन रात्री प्रवासात. पुढे शिक्षण संपलं, नोकरी मुंबईत लागली, तर नाव हलवायला नमुना ८ आहे. पुन्हा नवा अर्ज करायचा नाही, हेही त्याच ओघात सांगून टाकावं.

आता अर्ज. नव्या मतदाराचा अर्ज म्हणजे नमुना ६. तो voters.eci.gov.in वर किंवा आयोगाच्या मोबाइल ॲपवर भरता येतो, आणि कागदावर भरून मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडेही देता येतो. पडद्यावर अख्खा अर्ज दाखवला तर बघणारा व्हिडिओ बंद करेल. जिथे हात अडखळतो तेवढेच रकाने जवळून दाखवावेत.

त्यातला पहिला नावाचा. संकेतस्थळावर इंग्रजीत नाव टाकलं की शेजारी मराठी नाव आपोआप उमटतं, आणि ते हमखास बरोबर असतंच असं नाही. 'श्रावणी'चं 'श्रावनी' होतं, 'ळ'चा 'ल' होतो. मुली इंग्रजी तपासतात, मराठीकडे बघत नाहीत, आणि तेच नाव यादीत छापून येतं. कॅमेरा त्या चौकटीवर थांबावा, श्रावणीनं 'न' खोडून 'ण' टाकावा, मग पुढे जावं. पाच सेकंदांचं हे दृश्य हजारो दुरुस्तीचे अर्ज वाचवू शकतं.

दुसरा रकाना जन्मतारखेच्या पुराव्याचा. जन्माचा दाखला, दहावी-बारावीचं जन्मतारीख असलेलं प्रमाणपत्र, पॅन, आधार, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यातलं एक पुरतं, त्यावर स्वतःची सही करून. तिसरा रकाना आधार क्रमांकाचा, आणि इथे गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. आधार वय आणि पत्त्यासाठी चालतं, पण ते नागरिकत्वाचा पुरावा नाही. म्हणून अर्जात आपण भारताचे नागरिक असल्याचं वेगळं लिहून द्यावं लागतं. फोटो पासपोर्ट आकाराचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. सेल्फी कापून चिकटवलेला फोटो पुढे ओळखपत्रावर येतो आणि वर्षानुवर्षं सोबत करतो, हे मुलांना एकदा सांगितलं की ती फोटो नीट काढतात. शेवटी, त्याच घरातल्या आधीपासून मतदार असलेल्या माणसाचा तपशील विचारतात. श्रावणीचं पुण्यात कुणी नाही, तर तिनं तो रकाना रिकामा ठेवायचा. गावातल्या आईचा क्रमांक तिथे टाकला की पत्त्यांचा मेळ बसत नाही.

अर्ज पाठवला की एक संदर्भ क्रमांक मिळतो. पटकथालेखकानं श्रावणीला तो वहीत लिहून घ्यायला लावावं. कारण यापुढचा भाग सगळ्यात अंधारात आहे, आणि माझ्या मते व्हिडिओचा सगळ्यात मोठा वाटा त्याच भागाला द्यायला हवा.

अर्ज मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे जातो. आलेल्या अर्जांची यादी लोकांना बघायला लावली जाते आणि हरकतीसाठी सात दिवस दिले जातात. मधल्या काळात बीएलओ पत्त्यावर येऊन माणूस तिथे राहतो का ते बघतात. बीएलओ म्हणजे कुणी वेगळी यंत्रणा नव्हे. अंगणवाडी सेविका, जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळेतले शिक्षक, असे आपल्याच भागातले कर्मचारी हे काम आपलं रोजचं काम सांभाळून करतात. वसतिगृहात त्या आल्या, श्रावणी वॉर्डात ड्यूटीवर, आणि दारावरच्या रखवालदारानं "अशी कुणी नाही इथं" म्हणून परत पाठवलं, तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. हे अगदी साधं कारण आहे आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. पटकथेत हाच प्रसंग घ्यावा. श्रावणी संकेतस्थळावर अर्जाची स्थिती बघते, बीएलओची नेमणूक झाल्याचं तिथे दिसतं. ती वॉर्डन मॅडमना आधीच सांगून ठेवते. बीएलओ ताई येतात, मॅडम रजिस्टरमध्ये तिचं नाव दाखवतात, ताई टिपून घेतात.

"कार्ड कधी येईल, ताई?"

"कार्डाचं नंतर बघ. आधी यादीत नाव आलं का ते बघ."

बीएलओ ताईंच्या या एका वाक्याभोवती अख्खा व्हिडिओ उभा राहू शकतो. मतदार ओळखपत्रं १९९३ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून लोकांच्या मनात कार्ड म्हणजेच मताचा हक्क हे समीकरण बसलं. प्रत्यक्षात मत देता येतं ते यादीत नाव आहे म्हणून. कार्ड फक्त तुम्ही तुम्हीच आहात एवढं सांगतं. कार्ड घरात आहे आणि नाव यादीतून गेलंय, तर मत नाही. नाव यादीत आहे आणि कार्ड अजून टपालात आहे, तर मत आहे. अर्ज नामंजूर झाला तर त्याचं कारण कळतं, आणि पंधरा दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. कुणाला शंका असेल तर १९५० हा मदतीचा क्रमांक आहे.

चौथ्या दृश्यात निवडणूक जाहीर होते. टीव्हीवर तारखा झळकतात आणि कॉलेजच्या ग्रुपवर धावपळ सुरू होते. २०२४ ची खरी तारीखवार गोष्ट इथे मांडावी. महाराष्ट्राची निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली. उमेदवारी अर्ज भरायचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर. त्या दिवसानंतर यादीत एकही नाव वाढवता येत नाही असं कायदा सांगतो. आणि हरकतींचे सात दिवस धरले तर मतदाराचा अर्ज त्याच्या साधारण दहा दिवस आधी, म्हणजे १९ ऑक्टोबरच्या सुमारास पोचायला हवा होता. घोषणा १५ ला आणि दार बंद १९ च्या आसपास. म्हणजे घोषणेची वाट बघत बसलेल्यांच्या हातात जेमतेम चार दिवस होते. मतदान २० नोव्हेंबरला, म्हणून "अजून महिना आहे" असं म्हणणारी मुलं तोवर हुकलेली होती. श्रावणीनं ऑक्टोबरमध्येच नाव नोंदलेलं असतं, म्हणून ती या दृश्यात धावत नाही. ती फक्त नाव शोधते, यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक टिपते. तिच्या वर्गातली एक मैत्रीण अर्ज भरायला बसते आणि तिला उशीर झालेला असतो. पटकथेनं तिला ओढूनताणून वाचवू नये.

मतदानाचा दिवस. पावसाळा संपलेला, महापालिकेची शाळा, बाकं बाहेर काढून ठेवलेली, वर्गाच्या दारावर केंद्राचा क्रमांक. श्रावणीच्या हातात मतदार माहिती चिठ्ठी आहे आणि मोबाइलमध्ये आधारचा फोटो. दारावरचा पोलीस तिला थांबवतो. इथे बहुतेक मुलं अडकतात. माहिती चिठ्ठी २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही, तिचा उपयोग खोली आणि अनुक्रमांक सापडायला. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड असे दुसरे पुरावे चालतात. कॉलेजचं ओळखपत्र या यादीत नाही. आणि मोबाइल आत नेता येत नसल्यानं त्यातला फोटोही उपयोगाचा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मोबाइलवरची कागदपत्रं केंद्रात दाखवू द्यावीत अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली होती, ती न्यायालयानं फेटाळली. २०२५ मध्ये आयोगानं केंद्राच्या दाराशी बंद मोबाइल ठेवायची सोय करायचं ठरवलं, त्यामुळे फोन घरी ठेवून यायची वेळ येत नाही. पण कागद हातात लागतोच. श्रावणी रूमवर परत जाते, आधारचं मूळ कार्ड घेऊन येते आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहते. वेळ संपली तरी घाबरायचं कारण नाही. संध्याकाळी सहा वाजता जे रांगेत आहेत त्यांना केंद्राध्यक्षांच्या सहीच्या चिठ्ठ्या दिल्या जातात. त्या रांगेच्या शेपटाकडून वाटत आणतात, म्हणजे मागून कुणी घुसू शकत नाही, आणि चिठ्ठी असलेल्या प्रत्येकाचं मत घेतलं जातं.

आतली खोली म्हणजे तीन टेबलं आणि एक पुठ्ठ्याचा आडोसा. पहिल्या टेबलावरचा अधिकारी यादीत नाव शोधतो आणि मोठ्यानं पुकारतो. आपलं नाव असं जाहीर का घेतात, याचं नवख्या मुलीला अवघडल्यासारखं होतं. ते बसलेल्या मतदान प्रतिनिधींसाठी असतं, कुणी दुसऱ्याच्या नावावर आलं असेल तर त्यांना हरकत घेता यावी म्हणून. दुसऱ्या टेबलावर तर्जनीला शाई लागते, रजिस्टरमध्ये सही होते आणि एक छोटी चिठ्ठी मिळते. तिसऱ्या टेबलावर ती चिठ्ठी घेऊन अधिकारी कंट्रोल युनिटवरचं बटण दाबतो, तेव्हा आडोशामागचं यंत्र एका मतासाठी मोकळं होतं.

म्हणजे शाई मत देण्याआधी लागते. जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत ती नंतर लागलेली दाखवतात, आणि मग पहिल्यांदा आलेली मुलगी शाई लागली की दाराकडे वळते. तिला वाटतं झालं सगळं. पटकथा लिहिणाऱ्यानं निदान ही एक चूक टाळावी.

आडोशामागे यंत्रावर हिरवा दिवा लागलेला असतो. पसंतीच्या नावासमोरचं निळं बटण दाबलं की त्या नावाजवळ लाल दिवा लागतो आणि शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागे एक कागदी चिठ्ठी दिसते. त्यावर अनुक्रमांक, उमेदवाराचं नाव आणि चिन्ह असतं. ती सात सेकंद दिसते, मग कापली जाऊन खालच्या पेटीत पडते आणि लांब बीप वाजतो. दिग्दर्शकानं हे सात सेकंद न कापता पूर्ण दाखवावेत. सात सेकंद मोजून बघितले तर ते पडद्यावर फार लांब वाटतात, आणि तसे वाटायलाच हवेत. प्रत्यक्षात मुलं बटण दाबून लगेच निघतात आणि चिठ्ठी बघायची राहून जाते. दाबलेलं बटण वेगळं आणि चिठ्ठीवर नाव वेगळं दिसलं, तर तक्रारीची तरतूद आहे. मतदाराकडून लेखी निवेदन घेऊन सर्वांसमोर चाचणी मत घेतात. मात्र तक्रार खोटी ठरली तर शिक्षा होऊ शकते, हेही ते लिहून घेताना सांगितलं जातं. यादीतला कुणीच पसंत नसेल तर शेवटचं 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण २०१३ पासून आहे. यंत्रावरची नावं-चिन्हं व्हिडिओत काल्पनिकच असावीत, कुठल्याही पक्षाशी किंवा उमेदवाराशी न जुळणारी, आणि श्रावणीचं बोट कुठल्या बटणावर गेलं ते कॅमेऱ्यानं दाखवू नये.

निवडणुकीच्या काळात एक संदेश व्हॉट्सॲपवर हमखास फिरतो. यादीत नाव नसेल तर घाबरू नका, आधार दाखवा आणि '४९अ' खाली 'चॅलेंज व्होट' मागा. पटकथेत हा संदेश श्रावणीच्या त्या उशीर झालेल्या मैत्रिणीच्या फोनवर यावा. ती तो घेऊन केंद्रावर येते आणि परत जाते. कारण ४९अ हा नियम मतदान यंत्राच्या रचनेविषयी आहे, त्याचा मतदाराशी काही संबंध नाही. 'चॅलेंज' म्हणजे मतदान प्रतिनिधीनं दोन रुपये भरून एखाद्या मतदाराच्या ओळखीवर घेतलेली हरकत. नाव नसलेल्याला मत मिळवून देणारी ती सोय नव्हे. यादीत नाव नसेल तर त्या दिवशी कुणीही काही करू शकत नाही. या संदेशात खऱ्या गोष्टीचा एक तुकडा गुंफलेला असतो, म्हणून तो पटतो: नाव यादीत आहे पण आपल्या आधी दुसऱ्याच कुणी आपल्या नावावर मत देऊन गेलं असेल, तर ओळख पटवून प्रदत्त मत देता येतं. ते यंत्रावर नसतं, कागदी मतपत्रिकेवर असतं, आणि वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात.

एवढ्यावर व्हिडिओ तयार होतो, पण तो लोकसभा-विधानसभेचा. स्थानिक निवडणुकांसाठी तोच तसाच लावला तर मुलं फसतील. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. यादी विधानसभेचीच वापरतात, पण एका ठरवलेल्या तारखेची. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं, त्यासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये अठरा पूर्ण केलेल्या मुलांना मतदानाच्या दिवशी अठरा वर्षं आणि पाच महिने झाले असूनही मत नव्हतं. मतदानाची रीतही वेगळी. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक, पण इतर महापालिकांत बहुतेक प्रभागांतून चार-चार निवडायचे असतात आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबावं लागतं. एकच बटण दाबून वळलं तर मतदान अर्धवट राहतं. त्यासाठी शेवटच्या दोन मिनिटांची वेगळी आवृत्ती लिहावी लागते. व्हिडिओच्या पहिल्याच चौकटीत निवडणूक कोणती ते लिहावं.

राहिली शाई. मतदानाची शाई १९६२ पासून मैसूरच्या एका सरकारी कारखान्यात, मैसूर पेंट्स अँड वार्निशमध्ये बनते. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीला आणि उजेडाला लागलं की काळपट होतं, आणि पाण्या-साबणानं जात नाही. नखावरची रेघ नख वाढेल तसतशी पुढे सरकत जाते आणि कापली जाते. पटकथेतलं शेवटचं दृश्य तेवढ्या काळानंतरचं असावं. वसतिगृहाची खोली, संध्याकाळ, श्रावणीच्या नखाच्या टोकाला काळ्या रेघेचा अगदी बारीक उरलेला भाग. शेजारी पहिल्या वर्षाची नवी मुलगी लॅपटॉप उघडून बसलेली. तिचा वाढदिवस १७ डिसेंबर.

"मग तुझी तारीख १ जानेवारी," श्रावणी म्हणते. "आणि मराठीतलं नाव बघ आधी, चुकलंय ते."